बडतर्फीविरुद्धच्या अपिलाला उत्तर: दोन ओळींत फेटाळावे, की कारणे देऊन निर्णय बदलावा?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत आमचे यंत्रभागांचे युनिट आहे, 140 कामगार आहेत आणि मी एचआर पाहतो. 12 वर्षे नोकरी झालेल्या एका सीएनसी ऑपरेटरला 24 दिवसांच्या विनापरवाना गैरहजेरीबद्दल चौकशी करून 30 सप्टेंबर 2025 रोजी बडतर्फ केले. आदेशावर वर्क्स मॅनेजरांची सही आहे. आता त्याने संचालकांकडे चार पानी अपील दिले आहे. वडील मिरजेत ॲडमिट होते, सुपरवायझरला व्हॉट्सॲप केला होता, चौकशीचा अहवाल आधी दिला नाही, जुने मेमो ऐनवेळी काढले, दुसऱ्याला एवढ्याच गैरहजेरीत नुसती ताकीद दिली, असे त्याचे म्हणणे आहे. संचालक साहेब म्हणतात, दोन ओळींत फेटाळून पाठव. मला ते पटत नाही, पण उत्तर नक्की कसे लिहायचे? आणि निर्णय बदलला तर आमचीच चूक होती असे ठरणार नाही का? फाइल सोबत दिली आहे.

उत्तर:

फाइल पूर्ण वाचली. आधी माझे मत सांगतो आणि मग त्यामागची कारणे. गैरहजेरीचा ठपका अंशतः टिकतो, बडतर्फीची शिक्षा टिकत नाही, आणि उत्तरात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या पाहिजेत. अपिलाची बहुतेक उत्तरे फसतात ती इथेच. आरोप सिद्ध झाला आहे एवढे लिहून शिक्षा आपोआप योग्य ठरते असे धरले जाते, किंवा शिक्षा कमी करायची म्हणून सिद्ध झालेला आरोपही गुळमुळीत करून टाकला जातो.

दोन ओळींच्या उत्तराबद्दल साहेबांना एवढेच सांगा की अपिलावर निर्णय झाला की मूळ आदेश त्यात विलीन होतो. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तर न्यायाधीशांसमोर जो कागद मुख्य म्हणून असेल तो वर्क्स मॅनेजरांचा नसेल, साहेबांचा असेल. "आपले अपील काळजीपूर्वक वाचले असून त्यात तथ्य आढळून येत नाही, सबब ते फेटाळण्यात येत आहे" या वाक्यात काळजीपूर्वक काय वाचले, याचा एकही पुरावा नसतो. शिवाय आदेशात नसलेली कारणे नंतर प्रतिज्ञापत्रातून भरता येत नाहीत. मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाविषयी हे म्हटले, पण कामगार न्यायालयात खाजगी कारखान्याच्या आदेशालाही व्यवहारात हीच फूटपट्टी लागते. त्यामुळे जे मनात आहे ते आजच कागदावर आले पाहिजे, आणि जे कागदावर येऊ शकत नाही त्यावर निर्णय बेतलेला नसावा.

अपील ऐकायचे कोणी, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, मी विचारतो. बडतर्फीच्या आदेशावर सही वर्क्स मॅनेजरांची आहे, त्यामुळे कागदोपत्री संचालक अपील ऐकू शकतात. पण सप्टेंबरमधल्या टिपणीवर साहेबांच्या अक्षरात "काढून टाका" असा शेरा आणि खाली आद्याक्षरे आहेत. म्हणजे खरा निर्णय त्यांचाच होता, सही फक्त दुसऱ्याची झाली. स्वतःच्याच निर्णयाविरुद्धचे अपील स्वतः ऐकता येत नाही. अमरनाथ चौधरी विरुद्ध ब्रेथवेट या 2002 च्या निकालात हेच घडले होते. ज्यांनी काढले होते तेच अपील ऐकणाऱ्या मंडळाच्या बैठकीला अध्यक्ष म्हणून बसले होते, आणि तो निर्णय रद्द झाला. तुमच्याकडे दुसरे संचालक आहेत, ते या प्रकरणात कुठेही आलेले नाहीत. अपील त्यांच्याकडे द्या आणि तसे पत्र कामगाराला पाठवा. ती टिपणी फाइलमधून काढू नका. काढलेल्या पानाचा क्रमांक नंतर सगळ्यात जास्त बोलतो.

कायद्याबद्दल एक बारीक गोष्ट. औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे आणि तिच्यातील स्थायी आदेशांचे, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या लेखी नियमांचे, प्रकरण 300 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना आहे. पूर्वी महाराष्ट्रात ही मर्यादा 50 होती. तुमची घटना जूनची आणि बडतर्फी सप्टेंबरची आहे, त्या दिवशी तुमचे प्रमाणित स्थायी आदेश लागू होते, तेव्हा उत्तरात तेच धरून चला. नव्या संहितेची कलमे जुन्या घटनेला डकवून उत्तर वजनदार करण्याचा मोह टाळा.

आता मुख्य मुद्द्याकडे. आरोपपत्रातले वाक्य असे आहे: "आपण दि. 3 जून 2025 ते 26 जून 2025 या कालावधीत कोणतीही पूर्वसूचना न देता व रजा मंजूर करून न घेता जाणूनबुजून गैरहजर राहिलात." या एका वाक्यात चार गोष्टी आहेत: गैरहजेरी, पूर्वसूचनेचा अभाव, मंजुरीचा अभाव आणि हेतू. चौकशी अधिकाऱ्यांनी हजेरीपट पाहिला, टाइमकीपरचा जबाब घेतला आणि "आरोप सिद्ध होतो" असे लिहून अहवाल संपवला. टाइमकीपर गैरहजेरी सिद्ध करू शकतो. हेतू सिद्ध करू शकत नाही. आणि गैरहजेरी कामगाराने नाकारलेलीच नाही. कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार या 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विनापरवाना गैरहजेरी हे दर वेळी गैरवर्तन ठरत नाही. माणूस जाणूनबुजून आला नाही की त्याला येता येण्यासारखी परिस्थितीच नव्हती, हे ठरवावे लागते. तुमच्या चौकशीत हा प्रश्नच कोणी विचारलेला नाही, म्हणून तो आता अपिलात विचारावा लागेल.

त्यासाठी 24 दिवसांची गैरहजेरी एकगठ्ठा पाहू नका, ती तारखांनी कापा. अपिलासोबत दोन कागद आहेत, व्हॉट्सॲप संदेशाचे छायाचित्र आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड. संदेश 4 जूनला सकाळी 7 वाजून 12 मिनिटांनी गेला आहे: "सर वडिलांना मिरजला ॲडमिट केलंय, पॅरालिसिसचा झटका आहे, चार दिवस येता येणार नाही." त्याखाली दोन निळ्या खुणा आहेत आणि सुपरवायझरने उत्तरादाखल टाकलेला अंगठा आहे. त्या अंगठ्यावरून तुमच्याकडे वाद होणार हे मी समजू शकतो. कामगार म्हणेल, ही परवानगी. व्यवस्थापन म्हणेल, संदेश मिळाल्याची पोच. माझ्या मते व्यवस्थापनाचे म्हणणे बरोबर आहे, कारण स्थायी आदेशांनुसार रजा मंजूर करण्याचा अधिकार सुपरवायझरला नाही. पण त्यामुळे आरोपपत्रातले "कोणतीही पूर्वसूचना न देता" हे शब्द निदान पहिल्या पाच दिवसांपुरते खोटे पडतात. उत्तरात या दोन्ही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत.

डिस्चार्ज कार्डावर दाखल तारीख 2 जून आणि घरी सोडल्याची तारीख 14 जून आहे. म्हणजे 3 ते 14 जून हे 12 दिवस वडील रुग्णालयात होते. त्यांतल्या 8 ते 14 जून या काळाची कोणतीही सूचना त्याने दिलेली नाही. कारण खरे असले तरी ही चूक आहे, मात्र लहान. त्यानंतर 15 ते 26 जून हे दुसरे 12 दिवस. या काळाबद्दल अपिलात एकच वाक्य आहे: "घरी वडिलांची देखभाल करावी लागली." रजेचा अर्ज नाही, दुसरा संदेश नाही, फोन नाही. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या गावाहून रोज मिरजमार्गेच येणारा माणूस बारा दिवसांत गेटवर एक अर्ज टाकू शकत नव्हता, हे पटण्यासारखे नाही. ठपका टिकतो तो या बारा दिवसांवर, आणि तेवढाच.

सुपरवायझरचा जबाब चौकशीत झालेला नाही. आता साहेब सुचवतील की त्याच्याकडून "मी परवानगी दिली नव्हती" असे लिहून घेऊ आणि फाइलला लावू. तसे अजिबात करू नका. कामगाराला न दाखवता घेतलेला कागद अपिलाच्या निर्णयात वापरला की चौकशीत नसलेला दोष अपिलात तयार होतो. सुनावणीच्या दिवशी सुपरवायझरला बोलवा, कामगाराच्या समोर विचारा, कामगाराला त्याला प्रश्न विचारू द्या आणि रोजनाम्यावर तिघांच्या सह्या घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे.

अहवालाचा मुद्दा कामगाराचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. चौकशी अहवाल 8 सप्टेंबरचा आहे आणि तो त्याला 30 सप्टेंबरच्या बडतर्फीच्या आदेशासोबतच दिला गेला. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन विरुद्ध बी. करुणाकर या 1993 च्या निकालापासून नियम स्पष्ट आहे. शिस्तभंग अधिकारी आणि चौकशी अधिकारी वेगळे असतील तर शिक्षा ठरवण्याआधी अहवालाची प्रत देऊन कामगाराचे म्हणणे घ्यावे लागते, आणि हा नियम खाजगी आस्थापनांनाही लागू आहे. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. प्रत दिली नाही म्हणून आदेश आपोआप मोडत नाही. प्रत न मिळाल्याने कामगाराचे प्रत्यक्षात काही नुकसान झाले का, हे पाहायचे असते. इथे झाले आहे. प्रत वेळेत मिळाली असती तर व्हॉट्सॲप आणि डिस्चार्ज कार्ड वर्क्स मॅनेजरांसमोर आले असते, आणि अहवालात हेतूबद्दल एक शब्द नाही हेही त्याने दाखवले असते. तेव्हा उत्तरात "प्रत देणे बंधनकारक नव्हते" असा बचाव करू नका. चूक मान्य करा, अपिलात त्याला अहवालावर लेखी आणि तोंडी म्हणणे मांडू द्या आणि ते विचारात घेतल्याचे लिहा. अपिलात दिलेल्या संधीने मूळ संधीची भरपाई पूर्ण होते असे दर वेळी धरता येत नाही. साहेबांना बडतर्फी कायमच ठेवायची असती तर मी सांगितले असते की शिक्षेचा आदेश मागे घ्या, प्रकरण अहवालाच्या टप्प्यावर वर्क्स मॅनेजरांकडे परत पाठवा आणि तिथून पुन्हा चाला. शिक्षा खाली आणायची असल्याने इथे तो फेरा लागत नाही.

जुन्या मेमोंचा मुद्दा माझ्या स्वतःच्या अंगावर आलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका कारखान्यात कार्मिक अधिकारी असताना अपिलाच्या उत्तरात मी लिहिले होते की "आपली पूर्वसेवा असमाधानकारक असून यापूर्वीही आपणांस तीन वेळा समज देण्यात आली आहे." वाक्य लिहिताना समाधान वाटले होते. कामगार न्यायालयात समोरच्या वकिलांनी मला उलटतपासणीत एकच प्रश्न विचारला: "साहेब, ही तीन पत्रे चौकशीच्या कागदपत्रांत कोणत्या पानावर आहेत?" ती कुठल्याच पानावर नव्हती. माझ्या टेबलाच्या खणात होती. तुमच्या आदेशातही "2019, 2021 व 2022 मधील मेमो पाहता" असे लिहिले आहे आणि आरोपपत्रात त्यांचा उल्लेख नाही. म्हैसूर राज्य विरुद्ध मंचे गौडा या 1963 च्या निकालाने सरकारी नोकरांच्या बाबतीत घालून दिलेले तत्त्व आजही उपयोगी पडते. पूर्वेतिहास शिक्षेसाठी वापरायचा असेल तर तो आधी माणसाला कळवा. मेमो वाचले तर दोन उशिरा येण्याबद्दलचे आहेत आणि एक हेल्मेट न घातल्याबद्दलचा. गैरहजेरीशी त्यांचा संबंध नाही. ते बाजूला ठेवा आणि बाजूला ठेवल्याचे उत्तरात लिहा. उलट पूर्वेतिहासाची दुसरी बाजू, म्हणजे बारा वर्षांत गैरहजेरीबद्दल एकही कारवाई नाही, ती कामगाराच्या बाजूने विचारात घ्यावी लागेल. 1971 च्या महाराष्ट्रातील अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात, परिशिष्ट 4 च्या बाब 1 मध्ये, किरकोळ गैरवर्तनासाठी पूर्वसेवा न पाहता दिलेली धक्कादायक प्रमाणाबाहेरची शिक्षा ही अनुचित प्रथा म्हणून स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. त्याच बाबीत चौकशीत नैसर्गिक न्यायाची पायमल्ली हेही आहे. तुमच्या फाइलवर या दोन्ही बाजूंनी बोट ठेवता येते, हे साहेबांना शांतपणे दाखवा.

बाकी मुद्दे लवकर संपतात. 21 जुलैच्या पहिल्या बैठकीची नोटीस "घर बंद" या शेऱ्याने परत आली आणि टाइमकीपरचा जबाब त्याच्या गैरहजेरीत झाला, ही तक्रार खरी आहे. पण टाइमकीपरने सिद्ध केलेली गोष्ट कामगार स्वतःच कबूल करतो आणि 4 व 18 ऑगस्टच्या बैठकांना तो हजर होता, तेव्हा यातून नुकसान झालेले नाही. दुसऱ्या ऑपरेटरला ताकीद दिल्याबद्दल तुमच्या नोंदी सांगतात की त्याने तिसऱ्या दिवशी वैद्यकीय दाखल्यासह अर्ज दिला होता. एवढा फरक नोंदवा, पण त्याचे नाव आणि आजार या उत्तरात येऊ देऊ नका.

शिक्षा कोणती, हे ठरवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. शिक्षा स्थायी आदेशांत लिहिलेल्यांपैकीच असावी लागते. "दोन वेतनवाढी रोखतो" असे लिहायला सोपे आहे, पण तुमच्या प्रमाणित आदेशांत, आदर्श स्थायी आदेशांप्रमाणेच, ताकीद, दंड, चार दिवसांपर्यंतचे निलंबन आणि बडतर्फी एवढेच आहे. वेतनवाढ रोखणे त्यात नाही. बारा दिवसांच्या न कळवलेल्या गैरहजेरीला चार दिवसांचे निलंबन आणि लेखी ताकीद ही शिक्षा मला योग्य वाटते. गैरहजेरीच्या 24 दिवसांचा पगार तर काम न केल्यामुळे आधीच मिळालेला नाही. तो शिक्षेचा भाग नाही आणि तसे लिहूही नका.

राहतो प्रश्न बडतर्फीपासून पुन्हा रुजू होईपर्यंतच्या काळाचा, आणि भांडण खरे तर इथेच होते. "कामावर घेण्यात येत आहे" एवढेच लिहिले की व्यवस्थापन त्याला नवी नेमणूक समजते, कामगार जुनी नोकरी समजतो, आणि ग्रॅच्युइटीच्या वेळी दहा वर्षांनी हिशेब जुळत नाही. सेवेचे सातत्य राहील की नाही, मधल्या काळाचा पगार किती, तो कधी मिळेल, हे आकड्यांसह लिहावे लागते. त्याचा पगार 22,400 रुपये आहे. 1 जानेवारीला रुजू करून घेतले तर मधले तीन महिने होतात, म्हणजे 67,200 रुपये. मी निम्मा पगार, 33,600 रुपये, देण्याचा सल्ला देईन. पूर्ण पगार नाकारणे म्हणजे स्थायी आदेशांत नसलेली तीन महिन्यांची बिनपगारी शिक्षा मागच्या दाराने देणे. पूर्ण पगार द्यावा असे म्हणणाराही चुकीचा ठरणार नाही, पण कामगाराने हातातले कागद चौकशीच्या शेवटच्या दोन बैठकांत दाखवले असते तर हा वाद कदाचित इथवर आला नसता, आणि त्याची थोडी जबाबदारी त्याच्याकडे जाते. बडतर्फीनंतर त्याला ग्रॅच्युइटी किंवा रजेचे पैसे दिले असतील तर त्यांची वजावट कशी होईल, हेही त्याच परिच्छेदात आले पाहिजे.

आता मसुदा. सुनावणीत काही नवे निघाले तर हा बदलावा लागेल; सुनावणीआधी टाइप करून ठेवून नंतर तारीख भरू नका, ते वाचणाऱ्याला कळते. सुरुवातीला अपिलाची तारीख, सुनावणीची तारीख, कोण हजर होते आणि कोणते कागद पाहिले, हे साध्या वाक्यांत लिहा. त्यानंतरचा गाभा असा असावा:

"आपण दि. 3 जून 2025 ते 26 जून 2025 या कालावधीत कामावर हजर नव्हता ही बाब आपण अपिलात व सुनावणीत मान्य केली आहे. ही गैरहजेरी जाणूनबुजून होती किंवा कसे, याबाबत चौकशी अहवालात निष्कर्ष नोंदविलेला नसल्याने त्याचा विचार मी स्वतंत्रपणे केला आहे. आपण सादर केलेल्या रुग्णालयाच्या कागदपत्रांवरून दि. 3 ते 14 जून या काळात आपले वडील रुग्णालयात दाखल होते हे मी मान्य करतो. आपण दि. 4 जून रोजी पर्यवेक्षकांना पाठविलेला संदेश त्यांना मिळाला होता, हे त्यांनी आपल्या समक्ष सांगितले आहे. सदर संदेशामुळे रजा मंजूर झाली असे म्हणता येत नाही. तथापि दि. 3 ते 7 जून या दिवसांपुरता पूर्वसूचना न दिल्याचा आरोप टिकत नाही. त्यामुळे दि. 3 ते 14 जून या काळातील गैरहजेरी हेतुपुरस्सर होती असे मी मानत नाही.

दि. 15 ते 26 जून या 12 दिवसांबाबत आपण घरी देखभालीचे कारण दिले आहे. या काळात आपण रजेचा अर्ज, दूरध्वनी अथवा संदेश यांपैकी काहीही का केले नाही, या माझ्या प्रश्नाला आपण समाधानकारक उत्तर देऊ शकला नाहीत. या कालावधीपुरता विनापरवाना गैरहजेरीचा आरोप सिद्ध होतो.

चौकशी अहवालाची प्रत आपणांस शिक्षेच्या आदेशापूर्वी देण्यात आली नव्हती, हे खरे आहे. ती द्यावयास हवी होती. या अपिलात आपणांस अहवालावर लेखी व तोंडी म्हणणे मांडण्याची संधी देण्यात आली असून ते मी विचारात घेतले आहे. सन 2019, 2021 व 2022 मधील पत्रांचा उल्लेख आरोपपत्रात नसल्याने ती मी विचारात घेतलेली नाहीत. आपल्या 12 वर्षांच्या सेवेत गैरहजेरीबद्दल यापूर्वी कारवाई झाल्याची नोंद नाही, ही बाब मी आपल्या बाजूने विचारात घेतली आहे.

वरील कारणांमुळे बडतर्फीची शिक्षा सिद्ध झालेल्या आरोपाच्या प्रमाणात नाही, असे माझे मत झाले आहे. सबब दि. 30 सप्टेंबर 2025 चा बडतर्फीचा आदेश रद्द करण्यात येत असून त्याऐवजी चार दिवसांचे विनावेतन निलंबन व लेखी ताकीद अशी शिक्षा देण्यात येत आहे. आपण दि. 1 जानेवारी 2026 रोजी सकाळच्या पाळीत पूर्वीच्याच पदावर व वेतनावर रुजू व्हावे. आपली सेवा सर्व कारणांसाठी सलग धरली जाईल. दि. 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर 2025 या कालावधीचे निम्मे वेतन, रु. 33,600, नियमानुसार कपाती करून जानेवारीच्या वेतनासोबत देण्यात येईल. निलंबनाचे चार दिवस वेगळ्या पत्राने कळविण्यात येतील."

मसुद्यात "सहानुभूतीपूर्वक", "मानवतेच्या दृष्टिकोनातून" असे शब्द मी मुद्दाम ठेवलेले नाहीत. साहेबांना ते घालावेसे वाटतील. पण निर्णय दया म्हणून बदलला असे लिहिले की वरची सगळी कारणे अनावश्यक ठरतात, आणि पुढच्या वेळी दुसरा कामगार हीच दया हक्काने मागतो.

आणि निर्णय बदलला म्हणजे आपली चूक सिद्ध झाली का, या तुमच्या शंकेबद्दल. अहवालाच्या बाबतीत चूक झालीच आहे आणि ती न लिहिल्याने ती नाहीशी होत नाही. अहवालाची आणि आदेशाची तारीख एकाच फाइलवर आहे. पण मसुद्यात आरोप अंशतः सिद्ध धरला आहे, शिक्षा दिली आहे आणि पगार निम्माच दिला आहे. एवढे कारणांसह लिहिलेले उत्तर घेऊन न्यायालयात उभे राहणे, त्या दोन ओळी घेऊन उभे राहण्यापेक्षा व्यवस्थापनाला कितीतरी सोपे आहे.

उत्तर मराठीतच द्या, कारण आरोपपत्र आणि चौकशी मराठीत झाली आहे. प्रत हातोहात देऊन दुय्यम प्रतीवर तारखेसह सही घ्या आणि दुसरी प्रत पोहोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठवा. पत्ता अपिलावर त्याने स्वतः लिहिलेला घ्या. तुमच्या मस्टरवरचा पत्ता जुना आहे. पहिली नोटीस "घर बंद" म्हणून परत आली ती त्याच पत्त्यावरून.